आठवणींत रमणं: विसावा कधी आणि पळवाट कधी?

मृद्गंध
बरेच दिवस हा धागा काढू की नको असं चाललं होतं. आज काढतेच.

चौदा महिन्यांपूर्वी मी नवी नोकरी धरली. आधीच्या ठिकाणी आम्हा सात जणांची टीम होती. चार वर्षं एकत्र काम केलं, मग ते काम बंद झालं आणि सगळे पांगले. आमचा तेव्हाचा ग्रुप फोनवर अजून आहे, पण आता तिथे वाढदिवस सोडले तर कुणी बोलत नाही. मी मात्र रोज रात्री दहाच्या सुमारास तो उघडते आणि वर वर सरकवत जाते. कुणीतरी केलेली मस्करी, कुणाचा तरी धावपळीत काढलेला हललेला फोटो, 'पोचलीस का गं घरी?' असे निरोप. वाचताना खरंच उबदार वाटतं. घड्याळ बघते तेव्हा पावणेअकरा, कधी अकरा झालेले असतात.

परवा नवऱ्याने सहज विचारलं, "नव्या ऑफिसात तुझ्या शेजारी कोण बसतं?" मला नाव सांगता आलं, त्यापलीकडे काही सांगता आलं नाही. चौदा महिन्यांत! तेव्हापासून प्रश्न पडलाय. हे वाचन मला आधार देतंय की मला इथे रुजूच देत नाहीये? तुमच्या बाबतीत असं होतं का? आणि दोन्हींतला फरक ओळखायचा कसा?

रानवारा
अगदी मनातलं लिहिलंत. मी जुन्या वह्या काढून बसतो. वाचनखूण साठवली आहे, प्रतिसादांची वाट बघतोय.

ठाम
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नॉस्टॅल्जिया हा मुळात आजारच आहे. शब्दच मुळी वैद्यकातला. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला प्रबंध लिहिला आणि त्यात 'घरी परतणं' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून हा शब्द बनवला. लोक झुरून अंथरुणाला खिळायचे. त्यामुळे 'उबदार वाटतं' वगैरे ठीक आहे, पण ती नशा आहे. ग्रुप डिलीट करा, आठ दिवस त्रास होईल, मग सुटाल.

दीपमाळ
ठाम, डिलीट करा म्हणे! चार वर्षांची माणसं आहेत ती, फोनमधला कचरा नव्हे.

मृद्गंध, माझं मत उलटं आहे. आठवणींनी कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही. वाईट दिवसात माणूस जाणार तरी कुठे? मी तर म्हणते खुशाल वाचा.

स्कॅनर
जुने फोटो जपायचे असतील तर फोनवर भरवसा ठेवू नका. छापील फोटो असतील तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. ३०० चालतं, पण पुढे मोठं करून छापायचं झालं तर पंचाईत होते. दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि फाइलच्या नावातच साल घाला. 'जुने फोटो नवे' असे फोल्डर झाले की काही सापडत नाही.

मृद्गंध
स्कॅनर, प्रश्न थोडा वेगळा होता, पण फाइलच्या नावात साल घालायचं लक्षात ठेवते. :)

निशिगंध
मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. जरा सविस्तर लिहिते.

ठाम यांनी होफरबद्दल सांगितलं ते बरोबर आहे, पण गोष्ट अर्ध्यावर सोडली. त्याच प्रबंधात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकीकत आहे. तो घराच्या ओढीने इतका खंगला की वाचेल असं कुणाला वाटेना. शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं आणि वाटेतच, घर गाठण्याआधी, त्याला हुशारी वाटू लागली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. घर अजून लांबच होतं. तोंड तिकडे वळलं होतं, एवढंच.

शिवाय होफर ज्याबद्दल लिहीत होता त्याला आज आपण घराची ओढ म्हणू. पुढे १७९८ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने लिहिलं की अशी माणसं घरी परतली की त्यांची निराशा होते, कारण त्यांना ती जागा नको असते, त्या जागेतलं आपलं तरुणपण हवं असतं. आणि ते काही परत मिळत नाही. तेव्हापासून हा शब्द जागेकडून काळाकडे सरकत गेला. आज याला कुणी आजार म्हणत नाही.

आता मूळ प्रश्न. आठवण चांगली की वाईट, हे आठवणीकडे बघून कळत नाही. ती कधी येते आणि ती आल्यावर तुम्ही काय करता, यावरून कळतं. साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली लोकांना अशा आठवणी लिहायला सांगितल्या. दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक, अशी आठवण बहुधा मन खट्टू असताना येते, त्यातही एकटं वाटत असताना. दोन, त्या आठवणीत आपण क्वचितच एकटे असतो. भोवती आपली माणसं असतात. म्हणजे मनाला जे कमी पडतंय तेच ते जुन्या साठ्यातून काढून आणतं. हे काम ते चोख करतं. वाचून झाल्यावर माणसाला वाटतं, 'मला जीव लावणारी माणसं आहेत.' त्या बळावर तो दुसऱ्याला फोन करतो, रखडलेलं काम हातात घेतो. तसं झालं तर तो विसावा.

पण तेच बळ पुन्हा वर सरकवण्यातच खर्च होत असेल, आणि सरकवणं संपल्यावर मघाचं काम तसंच पडलेलं असेल, तर काहीतरी टाळलं जातंय. काय, ते शोधावं लागतं.

ठाम
घराची ओढ आणि नॉस्टॅल्जिया यांत फरक आहे हे मान्य. मी दोन्ही एकच धरत होतो. पण परिणामाबद्दल माझं मत कायम आहे.

अर्धविराम
आपल्या भाषेने हा प्रश्न आधीच ओळखलाय की! मराठीत नॉस्टॅल्जियाला दोन शब्द चालतात. 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता'. एकात रंजन आहे, दुसऱ्यात कातर होणं. इंग्रजी शब्द एकाच पोत्यात दोन्ही कोंबतो. मृद्गंध यांनी स्वतःला विचारावं, रात्री दहा वाजता मी यांतलं नेमकं काय करत असते?

दीपमाळ
वा! हे आवडलं.

निशिगंध
अर्धविराम, सुंदर निरीक्षण. फक्त एक भर घालते. माझ्या अनुभवात एकाच बैठकीत माणूस एकातून दुसऱ्यात जातो. पहिली पंधरा मिनिटं रंजन, पुढची तीस कातरता. सीमारेषा त्या मधल्या क्षणात असते आणि तो हटकून निसटतो.

पांथस्थ
मी निवृत्त माणूस. वय ७१. मला या चर्चेत थोडी भीती वाटली म्हणून लिहितो. माझ्या मनात येणाऱ्या दहा गोष्टींतल्या आठ तरी जुन्या असतात, त्याही विशी-पंचविशीतल्या. पहिला पगार, पहिलं भाड्याचं घर, मित्रासोबत रात्रभर चाललेली पायपीट. नातीला तेच तेच सांगतो. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही मागेच राहता." म्हणजे मीही पळतोय का?

निशिगंध
काका, नाही. विशी-पंचविशीतलं जास्त आठवणं हे जवळजवळ सगळ्यांच्याच बाबतीत होतं. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात दाटीने येतात, कारण तेव्हा बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडत असतात. आणि रॉबर्ट बटलर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ सालीच लिहून ठेवलंय की म्हातारपणी मागे वळून आयुष्य तपासणं हे स्वाभाविक काम आहे, ती भ्रमिष्टपणाची खूण नव्हे. त्याआधी डॉक्टरसुद्धा वृद्धांना 'मागचं उगाळू नका' म्हणून गप्प करायचे.

एकच विचारते. नातीला सांगताना ती मध्ये प्रश्न विचारते का? आणि तुम्ही उत्तर देता का?

पांथस्थ
विचारते तर! परवा म्हणाली, "आजोबा, रात्रभर चालायची वेळ का आली? घरी सांगितलं नव्हतं का?" मला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. खरं कारण सांगायला दहा मिनिटं लागली. घरी मोठं भांडण झालं होतं. ते सांगताना माझाच आवाज बसला. इतकी वर्षं मी ती पायपीट मौजेची म्हणून सांगत होतो.

निशिगंध
काका, मग काळजी नको. ऐकणारं माणूस प्रश्न विचारतं आणि आठवण त्यातून बदलते, तोवर ती जिवंत आहे.

काजवा
सगळं वाचलं. थोडं कडू लिहिते, समजून घ्या.

'वर्तमान टाळू नका' हे बोलणं ज्यांचं वर्तमान बदलता येतं त्यांच्यासाठी ठीक आहे. माझे वडील तीन वर्षं अंथरुणाला आहेत. दिवसातून चार वेळा कूस बदलायची, औषधं, कपडे, रात्री दोनदा उठायचं. यातलं काहीही मी टाळत नाही, टाळूच शकत नाही. रात्री त्यांना झोप लागली की मी हेडफोन लावून घरातल्या जुन्या ध्वनिफिती ऐकते. आई, आत्या, आम्ही लहान मुलं, मागे भांड्यांचा आवाज. अर्धा तास मी इथे नसते. मला तेवढंच हवं असतं. याला कुणी पळवाट म्हणत असेल तर म्हणू दे. ती वाट नसती तर मी उभी राहिले नसते.

रानवारा
काजवाताई, काय बोलणार. तुम्हाला मनापासून नमस्कार.

ठाम
काजवा, माझे शब्द तुमच्यासाठी नव्हते. मी मागे घेतो ते. 'नशा' हा शब्द चुकलाच.

निशिगंध
काजवाताई, तुम्ही बरोबर आहात. मी 'टाळणं' म्हणते तेव्हा मनात असं काम असतं जे करता येण्यासारखं आहे आणि तरी पुढे ढकललं जातंय. तुमचं काम तुम्ही रोज करताय. त्यानंतरचा अर्धा तास ही विश्रांती आहे.

तरी एक शंका ठेवते, आग्रह नाही. ध्वनिफीत बंद केल्यावर पुढची दहा मिनिटं कशी जातात? हलकं वाटतं की जास्त जड? फार चिंता करण्याची सवय असलेल्या माणसांवर एक अभ्यास झाला होता, २०१२ साली. त्यांनाही जुनी आठवण काढल्यावर आधी बरं वाटलं. पण थोड्या वेळाने त्यांची अस्वस्थता इतरांपेक्षा वाढली. तेव्हा आपण किती निर्धास्त होतो आणि आता कसे आहोत, हा फरक त्यांना टोचत राहिला असावा.

काजवा
कधी हलकं, कधी जड. खरं सांगायचं तर जड जास्त वेळा. पण म्हणून ऐकणं सोडवत नाही.

मृद्गंध
सगळ्यांचे आभार. काजवा, तुमचं वाचून माझा प्रश्न लहान वाटायला लागला, पण माझ्यापुरता तो खरा आहे म्हणून धागा पुढे नेते. निशिगंधताई, 'काय टाळलं जातंय ते शोधा' म्हणालात. शोधू कसं? मला तर वाटतं मी काहीच टाळत नाही. ऑफिसचं काम वेळेवर होतं, घरचं होतं. रात्री दहाला टाळायला उरतं काय?

निशिगंध
वहीच्या एका पानावर चार रकाने आखा. पहिल्यात किती वाजता ग्रुप उघडला आणि किती वाजता मिटला. दुसऱ्यात त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. 'कंटाळा आला' असं लिहू नका, हातात काय होतं, डोक्यात काय होतं ते लिहा. तिसऱ्यात त्या दिवशी काय वाचलं, त्यात कोण कोण होतं. चौथ्यात मिटल्यावर पुढच्या अर्ध्या तासात काय केलं.

चौदा दिवस. वाचन कमी करायचा प्रयत्न अजिबात करू नका, नाहीतर खरं चित्र दिसणार नाही. आणि ज्या दिवशी उघडलं नाही त्या दिवशी तसंही लिहा. रिकामे दिवस बरंच सांगून जातात.

आणखी एक. ग्रुप ठरवून उघडला की आपोआप उघडला गेला, हे पहिल्या रकान्यातच खुणेने नोंदवा. प्रयोगात माणसाला 'एखादी आवडती आठवण काढा' असं सांगितलं की तिचा परिणाम बहुधा चांगला दिसतो. पण रोजच्या जगण्यात, वाईट दिवशी आपसूक आलेल्या आठवणींची नोंद लोकांकडून ठेवून घेतली तेव्हा चित्र बरंच मिश्र निघालं, कधी मन आणखी खाली गेलेलं. त्यामुळे हा फरक महत्त्वाचा.

दीपमाळ
मला हे पटत नाही हं. आठवणींचा जमाखर्च मांडायचा म्हणजे त्यातला जीवच जायचा. फुलाच्या पाकळ्या मोजल्यासारखं.

अर्धविराम
दीपमाळ, चौदा दिवसांपुरतंच आहे. फूल मोजल्याने कोमेजत नाही.

दीपमाळ
बघू या. मृद्गंध, वाईट वाटलं तर सोडून द्या, एवढंच सांगते.

स्कॅनर
मघाशी मी प्रश्न नीट न वाचता उत्तर दिलं, माफी. आता वाचला. माझ्याकडे ४,००० च्या वर फोटो स्कॅन झालेत. दर रविवारी दिवसभर तेच करतो. बायको म्हणते, आज आपण कुठे गेलो तर त्याचा एकही फोटो तू काढत नाहीस. हे खरं आहे. यावर विचार करतो.

मृद्गंध
सोळा दिवसांनी परत आले आहे. धागा वर काढते.

वही ठेवली. चौदापैकी अकरा दिवस ग्रुप उघडला. चार वेळा ठरवून. एकदा जुन्या मैत्रिणीचा वाढदिवस, एकदा एका सहकाऱ्याचा फोन येऊन गेल्यावर त्याचा जुना फोटो शोधायला, दोनदा नवऱ्याला काही दाखवायला. या चारही वेळा पंधरा-वीस मिनिटांत मिटला आणि नंतर कुणाशी तरी बोलले.

उरलेल्या सात वेळा नकळत. यातले पाच दिवस सोमवार ते बुधवार या पट्ट्यातले होते. आधी कळेना. मग दुसरा रकाना ओळीने वाचला आणि चटका बसला. त्या पाचही दिवशी आधी लॅपटॉप उघडा होता आणि समोर तीच एक फाइल होती. दर गुरुवारी मला नव्या ऑफिसात आठवड्याचा अहवाल सगळ्यांसमोर मांडावा लागतो. फाइल उघडायची, दोन ओळी बघायच्या आणि हात फोनकडे जायचा. चौथा रकाना पाचही वेळा सारखाच आहे: 'झोपले.' अहवाल मग गुरुवारी सकाळी सहाला उठून घाईने करते. म्हणून मला वाटायचं, काम तर वेळेवर होतंय.

जुन्या ठिकाणी असे अहवाल मी कधी मांडलेच नाहीत. मी तयार करायचे, आमचे एक दादा होते ते मांडायचे. मांडण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचे, 'बरोबर ना गं?' एवढंच. तिसऱ्या रकान्यात त्या पाच दिवसांत दादांचं नाव चार वेळा आलंय. मी सात जणांना शोधत नव्हते. पाठीशी उभ्या असणाऱ्या एका माणसाला शोधत होते.

रानवारा
अंगावर काटा आला वाचून.

निशिगंध
मृद्गंध, फार प्रामाणिक नोंद आहे ही. तुम्ही जे शोधलंत ते सहज दिसणारं नव्हतं, कारण काम शेवटी पूर्ण होत होतं. बरेच लोक इथेच फसतात. काम झालं म्हणजे टाळलं नाही, असं वाटतं.

मृद्गंध
अजून एक आहे, ते लिहू की नको असं वाटत होतं. दहाव्या दिवशी दादांचं नाव टाकून ग्रुपमध्ये शोधलं, तर माझाच एक निरोप वर आला. रात्री ११:४०. 'उद्या राजीनामा देते. बास झालं आता.' खाली दादांचं उत्तर: 'उद्या मला तू हवी आहेस. परवा दे.' मला हे काहीच आठवत नव्हतं! मग 'राजीनामा' हाच शब्द शोधला. त्या एका वर्षात मी चार वेळा तसं लिहिलं होतं. रोज इतकं वर सरकवूनही हे निरोप माझ्या डोळ्यांना कधी दिसले नव्हते. मी बहुतेक त्यांच्यावरून भरभर सरकत असणार.

दीपमाळ
हेच म्हणत होते मी. आता त्या चार वर्षांची चव गेली ना? कशाला शोधायचं?

मृद्गंध
आधी गेली, खरंच. दोन दिवस ग्रुप उघडलाच नाही. पण नंतर तोच निरोप पुन्हा वाचला. मला तेव्हाही भीती वाटत होती, आत्तासारखीच, आणि तेव्हा कुणीतरी 'परवा दे' म्हणालं होतं. हे कळल्यावर उलट ती वर्षं जास्त जवळची वाटली.

निशिगंध
दीपमाळताई, तुमची हळहळ समजते. पण यात आठवण खोटी ठरलेली नाही. वाईट प्रसंगातला डंख चांगल्या प्रसंगातल्या आनंदापेक्षा लवकर विरतो, हे बहुतेकांच्या बाबतीत होतं आणि ते बरंच आहे. नाहीतर जगणं अवघड झालं असतं. अडचण तुलना करताना येते. मागचे दिवस डंख गेलेले असतात आणि आजचा दिवस सगळ्या डंखांसकट समोर असतो. त्या तुलनेत आजचा दिवस कधीच जिंकत नाही.

२०११ सालचा एक अभ्यास इथे लागू पडतो. घर सोडून विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना आपल्या आधीच्या आयुष्याचा धागा नव्या ठिकाणीही चालू आहे असं वाटत होतं, त्यांना जुन्या आठवणींनी बळ दिलं. ज्यांना तो धागा तुटल्यासारखा वाटत होता, त्यांना त्याच प्रकारच्या आठवणींनी आणखी अवघडून टाकलं. म्हणून मृद्गंध, ग्रुप कमी वाचायचा की नाही हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. त्या ग्रुपमधलं काय नव्या ठिकाणी नेता येईल, हे बघा.

ठाम
ग्रुप डिलीट केला असता तर तो ११:४० चा निरोपही गेला असता. माझा सल्ला चुकीचा होता.

मृद्गंध
एक गोष्ट केली. मागच्या बुधवारी दुपारी शेजारी बसते तिला विचारलं, "उद्याचा अहवाल एकदा डोळ्यांखालून घालशील का?" घालते म्हणाली. दादांसारखं 'बरोबर ना गं' वगैरे काही नाही. सरळ दोन आकडे चुकलेत म्हणून दाखवले, ते खरंच चुकले होते, आणि स्वतःच्या कामाला लागली. मला थोडं लागलं. संध्याकाळी दुरुस्त करून बसले. रात्री ग्रुप उघडला, पण सव्वादहाला मिटला. गुरुवारी मांडताना आवाज कापला, पण आकडे बरोबर होते.

काल रात्री मात्र पुन्हा पाऊण तास गेला. फाइल समोर नव्हती, सोमवार नव्हता, काहीच कारण सापडलं नाही. वहीत दुसरा रकाना कोरा ठेवलाय.

अर्धविराम
कोरा राहू द्या. प्रत्येक वेळी कारण असतंच असं कुठे आहे.

निशिगंध
सहमत. आणि दादांना हे सगळं कळवलंत का?

मृद्गंध
नाही अजून. काय लिहायचं ते कळत नाहीये. 'तुम्ही परवा दे म्हणाला होतात' एवढंच लिहिलं तर त्यांना आठवेल का?

पांथस्थ
बाई, लिहा. मी त्या पायपिटीतल्या मित्राला नातीच्या प्रश्नानंतर फोन लावला. त्याला माझं भांडण आठवत नव्हतं. त्याला माझी तुटलेली चप्पल आठवत होती आणि मी ती हातात घेऊन चाललो ते. मला ती चप्पल आठवत नव्हती.

काजवा
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. हा धागा मधून मधून वाचत होते. परवा बाबा जागे होते तेव्हा हेडफोन न लावता ध्वनिफीत त्यांच्या उशाशी लावली. बाबा हल्ली फार बोलत नाहीत. त्या फितीत एक बाई मोठ्याने हसते, मी जन्मभर तिला आत्या समजत आले. बाबांनी डोळे मिटूनच मान हलवली आणि म्हणाले, "ती तुझी आत्या नव्हे. तुझी आई आहे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती अशी हसायची."

आज रात्री पुन्हा लावणार आहे.